डोळ्यांना अंधार सरावतो म्हणजे काय, आणि तारे पाहताना टॉर्च लाल का हवा

दर डिसेंबरात इंदूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. 13 आणि 14 तारखेच्या सुमारास मिथुन राशीतून उल्कावर्षाव, तासाला शंभराहून जास्त उल्का. बातमी वाचून माणसं गच्चीवर जातात, दहा मिनिटं मान वर करून उभी राहतात, एखादी उल्का दिसते किंवा तीही नाही, आणि खाली येऊन म्हणतात, पेपरवाले काहीही छापतात.

बातमी खोटी नसते. तो आकडा मात्र पूर्ण काळ्या आकाशाचा असतो, उल्कांचा उगमबिंदू डोक्यावर असतानाचा असतो, आणि ज्याचे डोळे अंधाराला पुरते सरावलेत अशा माणसाचा असतो. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात फारशा नाहीत. तिसरी पूर्णपणे आहे, आणि नेमकी तीच आपण खिशातून फोन काढून घालवतो.

उल्कांमध्ये ठळक थोड्या आणि फिक्या पुष्कळ असतात. ताऱ्यांची चमक आपण प्रतींमध्ये मोजतो: पहिली प्रत, दुसरी प्रत, असं सहाव्या प्रतीपर्यंत, जिथे साध्या डोळ्यांची हद्द येते. या उल्कावर्षावात एक प्रत फिकं उतरलं की उल्कांची संख्या साधारण अडीच पटीने वाढते. म्हणजे तुमचे डोळे एका प्रतीने कमी पडले, तर निम्म्याहून जास्त उल्का तुमच्यासमोरून जातात आणि तुम्हाला कळतही नाही.

बाहुली मोठी होते, पण तेवढ्याने भागत नाही

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो, आणि बहुतेकांना वाटतं की अंधार सरावणं म्हणजे एवढंच. तरुण माणसाची बाहुली भर उजेडात साधारण 2 मिलिमीटर असते आणि अंधारात 7 मिलिमीटरपर्यंत उघडते. क्षेत्रफळाच्या हिशोबाने प्रकाश बारा पट जास्त आत येतो. हे काम थोड्या वेळात उरकतं. वय वाढलं की बाहुली तेवढी उघडत नाही, पाच-सहा मिलिमीटरवर थांबते.

पण भर उजेडातून अंधारात आल्यावर अर्ध्या तासात डोळ्यांची संवेदनशीलता दहा हजार पटींहूनही जास्त वाढते. बारा पट कुठे आणि दहा हजार पट कुठे! उरलेली सगळी वाढ डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर होते.

दिवसपाळी आणि रात्रपाळी

दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. शंकूपेशी साधारण 60 लाख. त्या उजेडात काम करतात, रंग दाखवतात, बारीक अक्षर वाचून देतात. आणि दंडपेशी साधारण 12 कोटी. त्यांना रंग कळत नाही, बारकावा फारसा कळत नाही, पण अगदी क्षीण उजेड त्या पकडतात. ही दिवसपाळी आणि रात्रपाळी समजा.

दिवा विझला की शंकूपेशी आधी सावरतात आणि पाचेक मिनिटांत आपल्या मर्यादेला पोचतात. पुढची दोन-चार मिनिटं काही सुधारतंय असं वाटतच नाही. मग आठव्या-दहाव्या मिनिटाच्या आसपास दंडपेशी शंकूपेशींना मागे टाकतात आणि आकाश पुन्हा उजळत जातं, हळूहळू, अर्ध्या-पाऊण तासापर्यंत. गच्चीवर दहा मिनिटं थांबून खाली जाणारा माणूस नेमका रात्रपाळी रुजू होण्याच्या वेळी निघून जातो. मला याची फार हळहळ वाटते.

टाकी क्षणात रिकामी होते, भरायला अर्धा तास लागतो

दंडपेशींना एवढा वेळ का लागतो? त्यांच्यात रोडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या प्रत्येक रेणूत अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा तुकडा बसवलेला असतो. प्रकाशाचा कण आदळला की तो तुकडा सरळ होतो, आणि मेंदूला संदेश जातो. पण सरळ झालेला तुकडा तिथे टिकत नाही. तो सुटतो, दृष्टिपटलाच्या मागच्या थरात जातो, तिथे त्याला पुन्हा वाकवलं जातं आणि मग तो परत येऊन बसतो. तोवर तो रेणू बिनकामाचा.

आमच्या इंदुरात घरोघरी नर्मदेच्या पाण्याची टाकी असते. खालचा मोठा व्हॉल्व्ह उघडला तर ती बघता बघता रिकामी होते, पण भरते नळाच्या धारेनेच. रोडॉप्सिनचं तसंच आहे. तीव्र उजेड टाकी झपाट्याने उपसतो. भरताना जितकी तूट असेल तिच्यातली निम्मी साधारण पाच मिनिटांत भरून निघते. पाच मिनिटांनी निम्मी टाकी, दहाला पाऊण, वीस मिनिटांनी थोडंच बाकी, अर्ध्या तासाने जवळजवळ काठोकाठ. अर्धा तास थांबायचा सल्ला इथून येतो.

एका बाबतीत मात्र टाकीची उपमा अपुरी पडते. टाकी 95 टक्के भरलेली असेल तर आपलं काही अडत नाही. डोळ्याचं अडतं. शंभरातले पाच रेणू जरी फुटलेले असले, तरी संवेदनशीलता दहा पट किंवा त्याहून जास्त घसरलेली असते, कारण फुटलेले रेणू गप्प बसत नाहीत. ते पेशीला हलका हलका संदेश देत राहतात, जणू डोळ्यासमोर एक मंद दिवा लागलेलाच आहे. त्या आभासी उजेडात खरा फिका तारा बुडून जातो. म्हणून "एक सेकंदच तर बघितलं मोबाइलमध्ये" हे म्हणणं डोळ्याला मान्य नसतं.

मग लाल रंगच का?

नकाशा बघायचा असतो, वहीत नोंद करायची असते, थर्मासचं झाकण शोधायचं असतं. उजेड तर लागतोच. तेव्हा रात्रपाळीला दिसणार नाही पण दिवसपाळीला दिसेल असा उजेड हवा, आणि लाल रंग नेमका तसा आहे.

दंडपेशी सर्वांत जास्त संवेदनशील असतात त्या 500 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या रंगाला. बाजारात मिळणारा साधा लाल एलईडी 620 ते 630 नॅनोमीटरचा असतो. तिथे दंडपेशींची संवेदनशीलता त्यांच्या कमाल पातळीच्या शंभरांशाहूनही कमी उरते. 650 ला ती हजारांशाच्याही खाली जाते. शंकूपेशींना मात्र 625 च्या आसपास कमाल पातळीच्या जवळजवळ एक तृतीयांश दिसतं. म्हणजे लाल उजेडात तुम्ही शंकूपेशींनी वाचता, आणि दंडपेशींच्या लेखी खोलीत अंधारच असतो.

याचा पुरावा घरच्या अंगणात मिळतो. तिन्हीसांजेला जास्वंदीजवळ उभे राहा. उजेड असताना फूल पानांपेक्षा झळझळीत दिसतं. दिवेलागणीनंतर दिवा न लावता पाहत राहिलात, तर फूल काळं पडत जातं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ दिसायला लागतात. दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे काम सोपवलं जात असताना लाल रंग मागे राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, आणि आजही या बदलाला त्याचंच नाव आहे.

उपयोग पुढे डॉक्टरांनी केला. पूर्वी क्ष-किरणांची थेट प्रतिमा एका फिक्या चमकणाऱ्या पडद्यावर बघावी लागे, आणि त्यासाठी डॉक्टर आधी अंधाऱ्या खोलीत बसून राहत. 1916 मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने लाल काचांचे गॉगल सुचवले. ते घालून डॉक्टर उजेडात वावरू शकत, लिहू-वाचू शकत, आणि दंडपेशी तेवढ्यात तयार होत.

पांढरा एलईडी याच्या अगदी उलट आहे. त्याच्या मुळाशी 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश असतो आणि त्यावर हिरवा-पिवळा पट्टा चढवलेला असतो. दंडपेशींना जे सर्वांत चांगलं दिसतं, ते त्यात भरपूर. फोनचा टॉर्च आणि फोनचा पडदा दोन्ही याच जातीचे.

एक डोळा झाकून केलेला प्रयोग

गेल्या डिसेंबरात मी भाच्याला आणि त्याच्या मित्राला घेऊन महूच्या पुढे, मानपूरकडे एका ओळखीच्या शेतावर गेलो होतो. 8 वाजून 40 मिनिटांनी गाडीचे दिवे बंद केले. दोन मिनिटांत भाचा म्हणाला, "मामा, इथे तर आपल्या गच्चीपेक्षा थोडंसंच जास्त दिसतंय." मी त्याला कृत्तिका मोजायला सांगितल्या. कृत्तिकांचा पुंजका डोक्यापासून जरा पूर्वेला होता. त्याने 4 मोजल्या. 8:55 ला 6 झाल्या. 9:20 ला तो म्हणाला की सहा तर आहेतच, पण थोडं बाजूला पाहिलं की सातवी मध्येच चमकून जाते.

थोडं बाजूला पाहणं हे इथे महत्त्वाचं आहे. दृष्टिपटलाच्या बरोबर मधोमध, जिथे आपण रोखून पाहतो तिथे, दंडपेशी नसतातच. त्यांची सर्वांत दाट वस्ती मध्यापासून पंधरा-वीस अंश बाजूला आहे. म्हणून फिकी वस्तू रोखून पाहिली की विरते आणि नजर सरकवली की परत येते. डोक्यावरून पश्चिमेकडे कललेली देवयानी दीर्घिका भाच्याला अशीच सापडली, कापसाच्या लहानशा पुसट बोळ्यासारखी. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे हा, असं सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग आम्ही प्रयोग केला. डोळ्यांचं सरावणं प्रत्येक डोळ्यात वेगळं होतं, त्यामुळे एक डोळा झाकला की त्यातली टाकी शाबूत राहते. 9:25 ला भाच्याने डावा डोळा तळहाताने घट्ट झाकला आणि उजव्या डोळ्याने फोनवरचा पांढरा पडदा नेहमीच्या उजेडावर अर्धा मिनिट वाचला. फोन बंद केला आणि आळीपाळीने एकेका डोळ्याने आकाश पाहिलं. डाव्या डोळ्याला देवयानी जिथल्या तिथे. उजव्या डोळ्याला ती जागा रिकामी, कृत्तिका पुन्हा 4, आणि आकाशाचा रंगही वेगळा, डाव्यात करडा तर उजव्यात दाट काळा. "मामा, माझा एक डोळा इंदुरात राहिलाय," असं तो म्हणाला. उजव्या डोळ्याला देवयानी पुन्हा दिसायला सुमारे आठ मिनिटं लागली.

वीस मिनिटांनी हाच प्रयोग मंद लाल दिव्यावर केला. तोच डोळा, तेवढाच वेळ, या वेळी छापील नकाशावरची नावं वाचली. दिवा बंद केल्यावर चार-पाच सेकंदांत दोन्ही डोळ्यांना देवयानी सारखीच दिसत होती. हा प्रयोग कुणीही करावा. शेताबाहेरच्या रस्त्याने मोटारसायकल येताना दिसली की एक डोळा मिटून घ्यायची सवय तेव्हापासून भाच्याला लागली आहे.

कागद गुंडाळला की टॉर्च लाल होतो का?

बहुतेक जण पांढऱ्या टॉर्चला लाल कागद लावतात. मीही सुरुवातीला संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद रबरबँडने बांधला होता. डोळ्याला तो उजेड लाल वाटतो, पण कागदातून हिरवा-निळा प्रकाश झिरपतो आणि लाल रंगात मिसळून आपल्याला वेगळा ओळखू येत नाही. दंडपेशींना मात्र तोच दिसतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. घरात पडलेली जुनी सीडी घ्या. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचं प्रतिबिंब तिच्या चकचकीत बाजूवर तिरकं पाहा. सीडीवरच्या बारीक रेघा प्रकाशाचे रंग वेगळे करतात. पतंगाच्या कागदातून मला लाल पट्ट्याशेजारी हिरवा आणि अंधुक निळा पट्टा स्पष्ट दिसला. सजावटीच्या सामानात मिळणारा लाल जिलेटीन कागद दुहेरी लावल्यावर हिरवा जवळजवळ गेला. आणि सायकलच्या मागे लावायच्या लाल एलईडी दिव्यात लालशिवाय काहीच नव्हतं. तेव्हापासून मी तोच वापरतो. तो लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवायचा, एवढंच.

फोनवर लाल पडदा करायची सोय असते, आणि ती साध्या डार्क मोडपेक्षा खूप बरी. डार्क मोडमध्ये पार्श्वभूमी काळी होते, अक्षरं पांढरीच राहतात. पण लाल केल्यावरही काही फोनांत पडद्यामागचा पांढरा दिवा चालूच असतो आणि काळ्या भागातून थोडा झिरपतो. शिवाय एखादी सूचना आली, चुकून दुसरं काही उघडलं, की झालं. नकाशा छापून नेलेला बरा.

लाल आहे ना, मग कितीही चालेल?

नाही, आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. दंडपेशींना लाल कमी दिसतो, अजिबात दिसत नाही असं नाही. शंभर पट प्रखर लाल दिवा लावला की शंभर पटीची सवलत संपली. सायकलचा दिवा तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसावा म्हणून बनवलेला. मी त्यावर जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन थर लावले, मग तो कामाचा झाला.

मंद किती हवा, हे मोजायला यंत्र लागत नाही. अंधार सरावल्यावर दिवा नकाशापासून वीतभर अंतरावर धरा. मोठी नावं वाचता यावीत, बारीक अक्षरांना जरा प्रयास पडावा. दिवा बंद केल्यावर डोळ्यासमोर कागदाची सावली तरंगत राहिली, किंवा मघाशी दिसणारा सर्वांत फिका तारा परत यायला काही सेकंदांहून जास्त लागले, तर दिवा अजून जास्त आहे. आणखी एक थर चढवा. निवड करायचीच वेळ आली तर प्रखर लाल दिव्यापेक्षा अगदी मंद, पिवळसर दिवा परवडला, असं माझं मत आहे.

लाल उजेडाच्या अडचणीही आहेत. पांढरा कागद लाल प्रकाश परत पाठवतो आणि लाल शाईही तेच करते, त्यामुळे लाल शाईने छापलेलं सगळं गायब होतं. ज्या नकाशात दीर्घिका लाल रंगाने दाखवलेल्या असतात, तो रात्री दीर्घिकांविना कोरा दिसतो. नकाशा घेतानाच घरी लाल दिव्याखाली धरून बघावा. नोंद पेन्सिलीने करावी. आणि डोळ्याच्या भिंगातून लाल प्रकाश किंचित मागे एकवटतो, त्यामुळे चाळिशी लागलेल्यांना लाल उजेडात जवळचं वाचणं जड जातं. मला चष्मा जवळ ठेवावाच लागतो.

गाजर खाऊन अंधारात जास्त दिसेल का, असंही विचारतात. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर रातांधळेपणा येतो आणि ती भरून काढली की बहुधा सुधारतो. कमतरता नसलेल्याने कितीही गाजरं खाल्ली तरी टाकी लवकर भरत नाही. दिवसभर रणरणत्या उन्हात उघड्या डोळ्यांनी फिरलेल्याला मात्र त्या रात्री कमी दिसतं, म्हणून त्या दिवशी गॉगल लावणं खरंच उपयोगाचं.

इंदूरच्या गच्चीवर लाल टॉर्च लावावा का?

रामबागेतल्या किंवा राजेंद्रनगरातल्या गच्चीवर लाल टॉर्चने फार फरक पडेल असं मी सांगणार नाही. तिथे आकाशच दिवा झालेलं असतं. रस्त्यावरचे एलईडी, समोरच्या दुकानाची पाटी, धुळीवरून परतणारा उजेड, या सगळ्यामुळे दंडपेशी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. तिथे आधी गच्चीचा असा कोपरा शोधायचा जिथून एकही दिवा थेट डोळ्यात येत नाही, मग डोक्यावर शाल घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसायचं. पौर्णिमेच्या आसपास तर शेतावरही हेच. मानपूरच्या शेतावरूनसुद्धा ईशान्येच्या क्षितिजावर इंदूरचा उजेड पसरलेला दिसतो. आम्ही त्या बाजूला पाठ करून सतरंजी घातली होती.

त्या रात्री 10 ते 11 या तासात भाचा आणि त्याचा मित्र शेजारी शेजारी आडवे होते, आकाशाचा एकच भाग पाहत होते, आणि उल्का दिसली की प्रत्येकाने आपापल्या कागदावर न बघता पेन्सिलीने रेघ ओढायची असं ठरलं होतं. मित्राच्या घरून निरोप येत होते, त्यामुळे त्याने तासात पाच-सहा वेळा फोन उघडला. अकराला लाल दिव्यात कागद पाहिले. भाच्याच्या कागदावर 38 रेघा होत्या, मित्राच्या 14. फोन बघताना त्याची नजर आकाशावर नव्हती, त्यामुळे काही उल्का तशाही हुकल्या असणार. पण सगळे मिळून तो फोनवर चार मिनिटंही नव्हता. त्याने कागद दोनदा मोजला, फोन बंद करून गाडीत ठेवून आला आणि म्हणाला, "मामा, अजून एक तास थांबू या का?"